लांडोरीची निवड

पौडच्या पुढे रस्ता मुळशी धरणाकडे वळतो, तिथे डाव्या हाताला भातखाचरं पायरीपायरीने ओढ्यापर्यंत उतरत जातात. मे महिन्याच्या शेवटी राब भाजून झालेले असतात, खाचरं मोकळी पडलेली असतात आणि वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीने माती नुसती ओली झालेली असते. अशा एका सकाळी तिथल्या बांधावर बसून मी मोराचा नाच पाहिला. पिसारा पूर्ण उभा होता आणि त्याची थरथर पन्नास पावलांवरून ऐकू येत होती. त्याच्यापुढे तीन लांडोरी खाली मान घालून काहीतरी टिपत फिरत होत्या. खाचराची मालकीण असलेल्या आजी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यो रोज नाचतोय. त्या काय बघत्यात व्हय त्याच्याकडं? दाणं टिपत्यात आन् जात्यात."

आजींनी पाहिलं ते खरंच होतं. लांडोरी बराच वेळ मोराकडे बघत नाहीत, आणि थोड्या वेळाने निघूनही जातात. पण हा लेख ज्या प्रश्नाबद्दल आहे, त्याचं उत्तर त्या निघून जाण्यातच आहे. दीड मीटर लांबीचा, लांबून डोळ्यांत भरणारा, झुडपांत अडकणारा हा पिसारा मोराला कशासाठी मिळाला? ज्या डोंगरात बिबट्या आहे, त्या डोंगरात असं ओझं वागवणारा पक्षी टिकला कसा? माझं म्हणणं असं, की हे कोडं मोराकडे पाहून सुटत नाही. पिसारा मोराच्या अंगावर असला तरी तो घडवला आहे लांडोरींनी, हजारो पिढ्या काहींना निवडून आणि बाकीच्यांना सोडून निघून जाऊन.

आपल्या भाषेने मात्र तिला वेगळंच नाव दिलं. लांडा म्हणजे शेपूट तुटलेला. लांडा मोर ती लांडोर. म्हणजे मोर हा पूर्ण पक्षी, आणि त्याच्यातून काहीतरी वजा केलं की उरते ती मादी. उत्क्रांतीचा हिशेब उलटा आहे. लांडोरीचं मातकट अंग, आखूड शेपूट, जमिनीवरच्या घरट्यात अठ्ठावीस दिवस निश्चल बसली तरी दिसू नये अशी पाठ, हे सगळं जगण्याला साजेसं आहे. त्या साजेशा शरीरावर नराच्या बाबतीत जास्तीचं काय चढलं आणि का चढलं, हा खरा प्रश्न.

चार्ल्स डार्विनला हा प्रश्न इतका छळत होता, की 1860 साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने मोराच्या पिसाकडे पाहिलं की मळमळतं अशी कबुली दिली. 'जो परिस्थितीला साजेसा तो टिकतो' हा त्याचा सिद्धान्त काही महिन्यांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता, आणि मोर त्या सिद्धान्ताला उघड उघड खोटं पाडत होता. त्याने उत्तर दिलं ते 1871 मध्ये, माणसाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात. टिकणं हा अर्धाच हिशेब आहे, असं त्याने मांडलं. पुढच्या पिढीत आपला अंश किती पोचतो हा पुरा हिशेब. मादी जर नरांमध्ये निवड करत असेल, तर तिच्या पसंतीस उतरणारं लक्षण जगण्याला थोडं घातक असलं तरी पसरत जाईल.

हा हिशेब आकड्यांत मांडला की स्पष्ट होतो. समजा, एक बिनपिसाऱ्याचा मोर विणीचे आठ हंगाम पाहतो आणि दर हंगामात त्याला एक लांडोर मिळते. दुसरा पिसाऱ्याचा मोर चार हंगामांतच बिबट्याच्या तोंडी जातो, पण दर हंगामात त्याला पाच लांडोरी मिळतात. पहिल्याची बेरीज आठ, दुसऱ्याची वीस. निम्मं आयुष्य गमावूनही दुसऱ्याचा वंश अडीच पट. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण तर्क तोच. उत्क्रांती आयुष्य मोजत नाही, वंश मोजते.

डार्विनचं हे म्हणणं त्याच्या काळाला पचलं नाही. नर एकमेकांशी झुंजतात आणि जिंकणारा मादी मिळवतो, हे सगळ्यांना पटलं. मादी पाहते, तुलना करते, ठरवते, आणि तिच्या ठरवण्याने नराचं शरीर बदलतं, हे मात्र पटेना. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या टीकाकाराने मादीची आवड लहरी असते, तिच्यातून काही स्थिर घडणं शक्य नाही, असा आक्षेप घेतला. नैसर्गिक निवडीचा सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेसनेही मादीची निवड नाकारली. त्याच्या मते नराच्या अंगातली जास्तीची शक्ती रंगाच्या आणि पिसांच्या रूपाने बाहेर पडते, तिचा मादीशी संबंध नाही.

आपल्याकडेही हा नकार वेगळ्या रूपात आहे. मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गर्भवती होते, ही समजूत गावोगाव ऐकायला मिळते. 2017 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींनीही ती पत्रकारांसमोर सांगितली होती. मोराचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं, काही सेकंदांत उरकतं, म्हणून सहसा दिसत नाही. या समजुतीची मला खंत वाटते ती एवढ्यासाठी, की तिच्यात लांडोरीला करण्यासारखं काही उरतच नाही. तिने अश्रू टिपायचे, बस्स. प्रत्यक्षात संपूर्ण नाच तिच्या निर्णयासाठी चाललेला असतो.

तो निर्णय कसा होतो हे पाहण्याआधी ती कशाची निवड करते ते समजून घ्यायला हवं. विणीच्या काळात प्रौढ मोर एकमेकांजवळ छोट्या छोट्या जागा धरून बसतात. मोकळं खाचर, माळाचा तुकडा, झुडपांमधली वाट, अशी ही जागा असते. तिथे लांडोरीला खाण्यासारखं विशेष काही नसतं. मोर घरटं बांधत नाही, अंडी उबवत नाही, पिल्लांना चारा दाखवत नाही. लांडोरी या जागांवर येतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात, परत येतात आणि बहुतेकदा काहीच न करता निघून जातात. मोराकडून तिला बीजाशिवाय काहीही मिळत नाही. म्हणून मादीच्या निवडीचा अभ्यास करायला मोरासारखा पक्षी नाही. घर, जमीन, राखण असा दुसरा कुठलाच हिशेब मध्ये येत नाही.

ज्याला आपण शेपूट म्हणतो ती मोराची शेपूट नाही. खरी शेपूट वीस ताठ, तपकिरी पिसांची असते आणि ती पिसाऱ्याला मागून टेकू देते. पिसारा बनतो पाठीच्या खालच्या भागातल्या, शेपटीवर पांघरूण घालणाऱ्या दीडशेच्या वर पिसांनी. त्यांतल्या बहुतेकांच्या टोकाला डोळा असतो. डोळ्यातला निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये अतिसूक्ष्म कांड्यांची जाळीसारखी मांडणी असते, तिच्यावरून प्रकाश परततो आणि त्या मांडणीतल्या अंतराप्रमाणे रंग दिसतो. म्हणून पाहण्याचा कोन बदलला की रंग हलतो.

मॅरियन पेट्री आणि तिच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड प्राणिउद्यानात मोकळ्या फिरणाऱ्या मोरांवर मादीच्या निवडीचा अभ्यास केला. 1991 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली निरीक्षणं साधी होती. लांडोर कोणकोणत्या मोरांकडे गेली आणि शेवटी कोणाला स्वीकारलं, याची नोंद ठेवायची आणि त्या मोरांचे डोळे मोजायचे. अकरापैकी दहा वेळा लांडोरीने पाहिलेल्या मोरांपैकी सर्वांत जास्त डोळ्यांचा मोर निवडला होता. पण एवढ्याने सिद्ध होत नाही, कारण जास्त डोळ्यांचा मोर कदाचित जास्त वयाचा किंवा जास्त नाचणाराही असेल. म्हणून पुढे पेट्री आणि टिम हॅलिडे यांनी काही मोरांच्या पिसाऱ्यातले वीस डोळे कापून टाकले. मोर तेच, वय तेच, जागा तीच. त्यांची पुढच्या हंगामातली मीलनं मागच्यापेक्षा घटली. 1994 साली हा निष्कर्ष आला आणि पाठ्यपुस्तकांत गेला.

मग 2008 मध्ये जपानमधून उलटा निष्कर्ष आला. मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी इझू इथल्या उद्यानात सात वर्षं 268 मीलनं नोंदवली होती, आणि मीलनांचा डोळ्यांच्या संख्येशी संबंध त्यांना आढळला नाही. पिसारा ही जुन्या काळातली खूण असेल, आज लांडोर तिच्याकडे पाहतही नसेल, असं त्यांनी सुचवलं. काहींनी यावरून मादीच्या निवडीचा सिद्धान्तच कोसळला असा अर्थ लावला.

तो कोसळला नव्हता, प्रश्न चुकीचा विचारला गेला होता. हे उलगडून दाखवलं ते रोझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी. 2011 मध्ये त्यांनी दाखवलं की बहुतेक निरोगी प्रौढ मोरांच्या डोळ्यांच्या संख्येत फरक फार थोडा असतो, बरेचसे 165 ते 170 च्या घरातले. त्या मर्यादेत दोन-चार डोळे इकडेतिकडे झाल्याने लांडोरीला फरक पडत नाही. पण संख्या 140 च्याही खाली गेली, पिसं तुटली किंवा कापली गेली, की तो मोर जवळजवळ बाद होतो. म्हणजे व्हिप्सनेडचा प्रयोगही खरा आणि जपानच्या नोंदीही खऱ्या. लांडोर डोळे मोजत नाही. खिळखिळा पिसारा ती नाकारते, आणि उरलेल्यांमध्ये दुसरंच काही पाहते.

ते दुसरं काय, हे 2013 च्या त्यांच्या प्रयोगात दिसलं. डोळ्यांवर चिकटपट्ट्या लावून रंग झाकला, तेव्हा त्या मोरांची मीलनं जवळजवळ शून्यावर आली. न झाकलेल्या मोरांमध्ये डोळ्यांतल्या निळ्या-हिरव्या भागाची झळाळी आणि मीलनांची संख्या यांचा घट्ट संबंध होता. मोराच्या वागण्याशीही हे जुळतं. तो उन्हाच्या दिशेचा अंदाज घेऊन उभा राहतो. लांडोर मागे असेल तर तो पाठ तिच्याकडे ठेवून विटकरी पंख हलवत राहतो, आणि ती समोर आली की गर्रकन वळून पिसारा थरथरवतो. ही थरथर सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा होते. 2016 मध्ये डेकिन आणि सहकाऱ्यांनी वेगवान चित्रणातून दाखवलं की पिसाच्या बाकीच्या तंतूंना लाटा येतात, पण डोळ्याचे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असल्याने डोळा जवळजवळ जागच्या जागी राहतो. सळसळत्या पडद्यावर स्थिर निळे ठिपके तरंगताहेत असं लांडोरीला दिसतं.

आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. जेसिका योर्झिन्स्कीने 2013 मध्ये लांडोरीच्या डोक्यावर बसवलेल्या लहान कॅमेऱ्यांनी तिची नजर कुठे जाते ते टिपलं. मोर समोर नाचत असतानाही लांडोर वेळेच्या एक तृतीयांशाहून कमी काळ त्याच्याकडे पाहते. बाकी वेळ तिची नजर आजूबाजूला असते, कारण शत्रूवर तिला स्वतःच लक्ष ठेवायचं असतं. मोराकडे पाहते तेव्हाही तिची नजर डोक्यावर किंवा तुऱ्यावर रेंगाळत नाही, पिसाऱ्याच्या खालच्या भागावरून आडवी फिरते. गवत उंच असलं की मात्र पिसाऱ्याचा वरचा भाग तेवढा दिसतो आणि लांबून तोच तिला बोलावतो. तेव्हा आजींच्या खाचरातल्या लांडोरी बघत नव्हत्या असं नाही. त्या थोडं बघत होत्या आणि तेवढ्यात ठरवत होत्या.

आता ओझ्याकडे वळू. पिसारा महाग आहे हे आपण इतकं गृहीत धरतो की तपासत नाही. 2014 मध्ये ग्रॅहम आस्क्यूने मोरांच्या उड्डाणाचं चित्रण केलं, मग पिसारा काढून पुन्हा केलं. जमिनीवरून झेप घेण्याच्या ताकदीत लक्षणीय फरक सापडला नाही. धावताना लागणाऱ्या ऊर्जेच्या मोजणीतही पिसाऱ्याचा तोटा दिसला नाही. याचा अर्थ पिसारा फुकट आहे असा नव्हे. दरवर्षी तो गळतो आणि पुन्हा शून्यातून उगवावा लागतो, म्हणजे दीडशेच्या वर लांब पिसांचं प्रथिन दरवर्षी अन्नातून काढावं लागतं. विणीच्या काळात मोर तासन्‌तास उघड्यावर उभा राहतो, ओरडून आपला ठावठिकाणा सांगतो, खाणं सोडतो. झेप मंदावत नसेलही, पण झेप घ्यायची वेळ जास्त वेळा येते. किंमत पिसांच्या वजनात कमी आणि पिसारा पोसण्यात, मिरवण्यात जास्त, असं आजच्या पुराव्यावरून मला वाटतं.

मग शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. लांडोरीला असा मोर आवडतोच का? एक उत्तर रोनाल्ड फिशरने दिलं, आधी 1915 मध्ये आणि नंतर 1930 मध्ये विस्ताराने. सुरुवातीला आवड कशानेही निर्माण झाली असेल. पण एकदा बऱ्याच माद्यांना लांब पिसं आवडू लागली की अशा मोराच्या मुलांना पिसं मिळतात आणि मुलींना आवड मिळते. दोन्ही गुण एकाच घरात वाढू लागतात. लांब पिसांचा मुलगा पुढच्या पिढीतल्या माद्यांना आवडतो, म्हणून त्याची आई फायद्यात राहते. आवड पिसांना ओढते, पिसं आवडीला, आणि तोटा फायद्याला गाठेपर्यंत हे वाढत जातं. यात पिसारा कशाचीही खूण असण्याची गरज नाही.

दुसरं उत्तर इस्रायलच्या अमोट्झ झहावीचं, 1975 मधलं. पिसारा महाग आहे म्हणूनच तो विश्वासार्ह आहे, असं त्याने म्हटलं. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. रोगट, उपाशी मोराला झळाळता पिसारा परवडत नाही, म्हणून तो पाहून निवडणारी लांडोर अप्रत्यक्षपणे तब्येत निवडते. पेट्रीने 1994 मध्ये हे तपासलं. मोर आणि लांडोरींच्या जोड्या निवडीला वाव न देता लावल्या आणि पिल्लं एकाच परिस्थितीत वाढवली. मोठ्या डोळ्यांच्या मोरांची पिल्लं चौऱ्याऐंशीव्या दिवशी जास्त वजनाची होती आणि उद्यानात सोडल्यावर दोन वर्षांनी त्यांतली जास्त जिवंत होती. यावर एक रास्त शंका आहे. देखणा नर मिळाला की लांडोर अंड्यांतच जास्त गुंतवणूक करते, असं इतर अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे यशाचं थोडं श्रेय बापाच्या बीजाचं आणि थोडं आईच्या मेहनतीचं असू शकतं.

या दोन उत्तरांमध्ये मला दुसऱ्याकडे झुकवतं ते आपल्या घाटमाथ्यावरचं एक उदाहरण. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा राहतो. नराच्या गळ्याला निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाची पंख्यासारखी घडी असते, ती उघडमीट करून तो माद्यांना बोलावतो आणि इतर नरांना हटकतो. 2016 मध्ये त्याला स्वतंत्र जाती म्हणून सारडा सुपर्बा हे शास्त्रीय नाव मिळालं. पठाराच्या काही भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथे शिकारी पक्षी फार कमी झाले. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये या दोन भागांची तुलना मांडली. पवनचक्क्यांखाली सरडे दाट झाले होते. आता तर्क करून पाहा. सजावटीची किंमत फक्त शत्रूला द्यावी लागत असती, तर शत्रू कमी झाल्यावर रंग आणखी भडक व्हायला हवे होते. झालं उलटं. गर्दीमुळे वाट्याला येणारं अन्न घटलं, सरडे हडकुळे झाले आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका पडला. रंग पोटातून येतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? सरडा म्हणजे मोर नव्हे, आणि फिशरची ओढही याच्या जोडीने चालू असू शकते. पण खूण आणि ऐपत यांची गाठ इथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

मुळशीत हाच व्यवहार पावसाच्या तोंडावर चहूकडे चालू असतो. ताम्हिणीच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, पहिल्या पावसाच्या रात्री खाचरांतून बेडूक ओरडतात. काजव्याचा उजेड आणि बेडकाचा आवाज मादीला बोलावतो तसा शत्रूलाही बोलावतो. पनामातल्या एका बेडकाच्या हाकेवर वटवाघळं नेमकी झेप घेतात आणि मादीला जी हाक जास्त आवडते तीच वटवाघळालाही आवडते, हे मायकेल रायन आणि मर्लिन टटल यांनी दाखवून दिलेलं आहे. हा सगळा व्यवहार मादीच्या निवडीवर चालतो, म्हणून मुळशीतल्या राखणीचा विचार करताना मला वाटतं की नुसता प्राणी राखून भागत नाही, निवडीची जागाही राखावी लागते. काजव्याच्या मादीला उजेड ओळखायला अंधार लागतो. विश्रामगृहाचे रात्रभर जळणारे दिवे काजव्याला मारत नाहीत, पण तिचं पाहणं मारतात. लांडोरीला झुडपांच्या कडेचं मोकळं खाचर आणि सकाळचं तिरपं ऊन लागतं. खाचरांचे प्लॉट पडून भिंती उभ्या राहिल्या की मोर कदाचित राहतील, पण तिला चार मोरांसमोरून फिरून निवडता येणार नाही.

वॉलेसच्या आक्षेपाला मुळशीतच एक साधं उत्तर मिळतं, आणि ते पाहायला कुठलाही कॅमेरा लागत नाही. गणपतीच्या सुमाराला त्याच खाचरांकडे पुन्हा जावं. भात पोटरीला आलेलं असतं, लांडोरींबरोबर पिल्लं फिरत असतात आणि बांधाबांधावर गळालेली पिसं सापडतात. मोर तेव्हाही असतात, त्यांची गर्द निळी मान दिसते, पण मागे पिसारा नसतो. जास्तीची शक्ती बाहेर पडूनच पिसारा होत असता, तर तो पावसानंतर, खाणं मुबलक असताना सर्वांत मोठा दिसायला हवा होता. तो नेमका तेव्हा नसतो. लांडोर निवडत असते तेवढे महिने मोर तो वागवतो, आणि तिची निवड संपली की मोरही लांडा होतो.